मैत्रिणीने घरचं भांडण फेसबुकवर मांडलं, तर खाली काय लिहायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात चवथ जवळ आली की हे प्रश्न वाढतात. वर्षभर मुंबई-पुण्यात किंवा आखातात असलेली भावंडं मूळ घरात एकत्र येतात, माटोळी कोणी बांधायची इथपासून घराचं कौल कोणी बदलायचं इथपर्यंत सगळं निघतं, आणि रात्री कोणीतरी मोबाईल उचलतं. मग त्याच्या किंवा तिच्या दोस्तांपैकी कोणीतरी मला विचारतं की मी आता खाली काय लिहू. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. कॉमेंट करायचीच कशाला? सरळ फोन केला तर चालणार नाही का?

चालेल, आणि तिने उचलला तर कॉमेंटची गरजच नाही. पण अशी पोस्ट टाकलेलं माणूस बहुतेकदा फोन उचलत नाही. ते त्या वेळी पोस्टखाली कोण काय म्हणतंय हेच बघत बसलेलं असतं. आपली चार जवळची माणसं पोस्ट बघूनही गप्प आहेत, हेही त्याला दिसत असतं आणि लागत असतं. म्हणून एक ओळ तिथेच लिहावी लागते. तिचा उपयोग एवढाच, की मैत्रिणीला फोनपर्यंत आणायचं. भांडण मिटवणं हे त्या ओळीचं काम नाही, आणि तसा प्रयत्न केला की ओळ लांबते आणि बिघडते.

२. मग नेमकं काय लिहायचं? नमुना द्या.

नमुन्यापेक्षा घडलेलं सांगते. माझी एक मैत्रीण लग्नानंतर मडगावला असते, माहेर फोंड्याकडे. चवथीच्या आदल्या रात्री साडेअकराच्या सुमारास तिने घराचा नवा रंग दिलेला फोटो टाकला आणि वर लिहिलं, "बापाच्या घराला रंग लागला. बहिणींना बोलावणं नाही. विक्रीच्या कागदावर सही मात्र हवी." तासाभरात चाळीसेक कॉमेंट. "वकील गाठ", "वहिनी आली तेव्हाच कळलं होतं", "आमच्याकडे पण हेच", आणि रडणारे चेहरे.

आमच्यातल्या एकीने चांगल्या मनाने लिहिलं: "अगं, घरातल्या गोष्टी इथे कशाला? शांत हो." पाच मिनिटांत मैत्रिणीचं उत्तर: "घरातल्या गोष्टी घरात ऐकून घेतल्या असत्या तर इथे आले असते का?" त्या उत्तराला पंचवीस लाईक पडले. म्हणजे जिला शांत करायचं होतं तिला टाळ्या मिळाल्या, आणि आता माघार घेणं तिला आणखी कठीण झालं.

मी लिहिलं ते असं: "वाचलं गो. त्या ओसरीवर आपण पत्ते खेळलोय, म्हणून मलाही लागलं. आता फोन करते, नाही उचललास तर सकाळी आठला परत करते."

यात तीन गोष्टी आहेत. पहिली, वाचलं आणि लागलं, एवढंच. तू बरोबर आहेस असंही नाही, भाऊ चूक आहे असंही नाही. ओसरी आणि पत्ते का, तर ते तिला आणि मलाच ठाऊक असलेलं आहे. वाचणाऱ्या इतरांसाठी ती साधी ओळ, तिच्यासाठी मात्र ते ऐंशी सालचं घर. दुसरी, पुढची हालचाल मी करणार, तिने काहीच करायचं नाही. "कधी वाटलं तर फोन कर" हे वाक्य दिसायला गोड आहे, पण त्यात काम तिच्यावर पडतं आणि त्या रात्री ती ते करणार नाही. तिसरी, वेळ. "बोलूया कधीतरी" म्हटलं की कोणी बोलत नाही. आठ म्हटलं की आठ.

पोस्ट काढ, असं त्यात कुठेही नाही. ते का, हे प्रश्न ३ मध्ये.

३. "ही पोस्ट काढून टाक" असं स्पष्ट लिहिलं तर काय बिघडतं? खरं तर तेच सांगायचंय ना?

सांगायचंय, पण चारचौघांत नाही. पोस्ट काढ असं सगळ्यांदेखत म्हटलं की तिच्यापुढे दोनच वाटा राहतात. काढली तर चूक कबूल केल्यासारखं होतं, ठेवली तर तुमच्याशीही भांडण. रागाच्या भरात माणूस दुसरी वाट धरतं. हेच वाक्य फोनवर दुसऱ्या सकाळी म्हटलं तर त्याला तिसरी वाट असते, म्हणजे कोणालाही न कळता आवरून घेण्याची.

आणखी काही गोष्टी टाळायच्या. "लोक काय म्हणतील" नको, कारण लोक काय म्हणतात ते ती वाचतेच आहे. "नेमकं झालं काय?" असा प्रश्न नको, कारण प्रश्नाला उत्तर येतं आणि उत्तर तिथेच येतं (प्रश्न ६). "दोन्ही बाजू असतात" हे कितीही खरं असलं तरी त्या क्षणी ते दुसऱ्या बाजूचं वाक्य वाटतं. "आई असती तर" हे तर कृपा करून नकोच. भावंडांच्या भांडणात वारलेल्या आईला साक्षीला काढणं म्हणजे विझत आलेल्या चुलीत फुंकर. आणि नुसता जोडलेल्या हातांचा इमोजीही नको. तो माफीचा, विनंतीचा की नमस्काराचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि ती वाईटच ठरवते.

४. आम्ही बोलतो कोंकणीत, लिहितो मराठीत. कॉमेंट कशात लिहू?

जिच्यात तुम्ही तिच्याशी बोलता तिच्यात. गोव्यात ही अडचण खरीच आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लिखाण मराठी शाळेतून आलेलं, त्यामुळे लिहायला बसलं की आपोआप "तुझ्या भावना मी समजू शकते" अशी भाषा येते. तोंडाने कोणी असं बोलत नाही. ज्या मैत्रिणीशी आयुष्यभर कोंकणीत बोललात तिला असं मराठी वाक्य म्हणजे शाळेच्या बाईंनी बोलावल्यासारखं. "वाचलें गो. फोन करतां तुका" एवढं देवनागरीत लिहा, पुरतं. मराठीतच बोलत असाल तर मराठीत, पण बोलण्यातली.

वयाचाही भाग आहे. पोस्ट थोरल्या माणसाची असेल, समजा चुलत काका किंवा शेजारचे मास्तर, तर "फोन करते" ऐवजी "उद्या सकाळी येऊन भेटते तुम्हाला" लिहिलेलं बरं. अशा माणसांना फोनवर समजावलेलं आवडत नाही. दारात आलेलं माणूस मात्र ते परत पाठवत नाहीत.

५. लगेच लिहू की थोडं थांबू?

पहिल्या तासाभरात जमलं तर लिहा. नंतर कॉमेंटांचा ढीग होतो आणि तुमची ओळ त्यात बुडते. दिवस उलटून गेल्यावर लिहू नका, कारण नवी कॉमेंट पडली की थंडावलेली पोस्ट पुन्हा लोकांसमोर येऊ शकते. उशीर झालाच असेल तर थेट फोन किंवा खाजगी मेसेज, कॉमेंट नाही.

६. माझ्या कॉमेंटला उत्तर म्हणून तिने अख्खी कहाणीच लिहिली. आता?

हे हमखास होतं. तुम्ही आपुलकी दाखवली, तिला ऐकणारं माणूस मिळालं, आणि जागा तीच आहे. फक्त एकदा उत्तर द्या, आणि ते कहाणीतल्या एकाही मुद्द्याला नको. "हे सगळं ऐकायचंय मला, तुझ्या तोंडून. फोन लावतेय." मग खरोखर लावा. तिने पुन्हा लिहिलं तर तिथे गप्प. दुसऱ्यांदा उत्तर दिलंत की तुम्ही त्या धाग्यातलं एक पात्र झालात.

एक बारीक खूण सांगते. तिचं उत्तर तुम्हाला उद्देशून आहे की प्रेक्षकांना, ते नावांवरून कळतं. "दादाने असं केलं" लिहिलं तर ती तुमच्याशी बोलते आहे. "माझ्या मोठ्या भावाने, जो स्वतःला गावातला प्रतिष्ठित समजतो" असं आलं तर ती सभेशी बोलते आहे. सभेशी बोलत असेल तर फोन त्या रात्री बहुधा उचलला जाणार नाही, सकाळचा धरून चाला.

७. फोन उचलला. आता पोस्टचा विषय कसा काढू?

तुम्ही काढू नका. आधी ऐका, आणि ऐकायला वेळ लागतो. त्या सकाळी आठ वाजता मी फोन केला तेव्हा पहिली पंचवीस मिनिटं मी फक्त हुंकार दिले. रंग, सही, वहिनी, मग अचानक आईची नथ, जी पोस्टमध्ये कुठेच नव्हती. खरं दुखणं नथीचं होतं. विक्रीबद्दल ती भावाशी बोलायला तयारही होती, पण नथीबद्दल विचारायची तिला लाज वाटत होती. जाहीर लिहिताना माणूस मांडायला सोपी तक्रार निवडतं. म्हणून कॉमेंटमध्ये त्या तक्रारीवर मत देण्याला काही अर्थ नसतो.

शेवटी तीच म्हणाली, "रात्रीचं जरा जास्तच झालं काय?" तेव्हा बोलायचं, आणि पर्याय पुढे ठेवायचा. पोस्ट उडवण्यापेक्षा आधी तिचे वाचक बदलणं सोपं जातं. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून कोण बघू शकतं ते बदलायचं आणि Only me ठेवायचं. पोस्ट आणि तिच्याखालच्या कॉमेंटी तिच्याकडे राहतात, दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत. "मी खोटं लिहिलं नव्हतं" एवढा मान तिला राखता येतो. माझ्या मैत्रिणीने तेच केलं, पावणेनऊला. पुढे कधी उडवायची झाली तर कचऱ्याच्या डब्यात टाकलेली पोस्ट तीस दिवस परत आणता येते, हेही सांगून ठेवा, हात लवकर उठतो.

यालाही मर्यादा आहे, ती लपवू नका. स्क्रीनशॉट कोणीतरी घेतलेला असतोच. तिच्या भावाकडे तो रात्रीच, चुलत भावंडांच्या ग्रुपमधून पोचला होता.

८. माझी मैत्री दोघांशीही आहे. भाऊसुद्धा माझी कॉमेंट वाचणार. त्याचं काय?

वाचणार असं धरूनच लिहा. प्रश्न २ मधली ओळ पुन्हा वाचा, ती भावाने वाचली तरी त्यात त्याला टोचणारं काही नाही. लिहून झाल्यावर दुसऱ्या बाजूच्या डोळ्यांनी एकदा वाचून बघणं, ही मला माहीत असलेली सगळ्यात साधी चाचणी. "मी तुझ्याबरोबर आहे" हे वाक्य या चाचणीत नापास होतं. "मला लागलं" पास होतं.

भावाला त्याच रात्री वेगळा मेसेज करून "मी तिला समजावते" म्हणू नका. ते तिला कळतंच, गोवा लहान आहे. मग तुम्ही तिच्या लेखी त्याच्या बाजूचे. त्याने स्वतः फोन केला तर ऐका, आणि तिने तुम्हाला सांगितलेलं त्यातलं काही पुढे नेऊ नका, नथ तर मुळीच नको.

९. बाकीचे लोक आग लावताहेत. त्यांना उत्तर देऊ का?

नाही. "वहिनी आली तेव्हाच कळलं" असं लिहिणाऱ्याला तुम्ही खडसावलंत तर तो परत लिहिणार, आणि भांडणं आता दोन झाली. फारच घाण कोणी लिहिलं तर ते तिच्या लक्षात आणून द्या, खाजगीत. तिच्या पोस्टखालची कॉमेंट तिला काढता येते, तुम्हाला नाही.

१०. वाद घरजमिनीचा आहे. तिला गप्प बसायला सांगणं म्हणजे हक्क सोडायला सांगणं नाही का?

हा प्रश्न बहिणींच्या मैत्रिणी विचारतात आणि तो रास्त आहे. उत्तर असं, की गोव्यात तिचा हक्क त्या पोस्टवर उभा नाही. इथल्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखे आहेत, आणि आईवडिलांनी मृत्युपत्र केलं तरी अर्धी मालमत्ता मुलांसाठी राखीवच राहते. जुन्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला हा नियम २०१२ च्या गोवा वारसा कायद्यातही आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरतात, म्हणून अख्खं घर विकायचं तर बहिणीची सही लागते आणि बहुतेक वेळा जावयाचीही. वाटणीवर एकमत होत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी दाखल करता येते. तिथे वारस आणि मालमत्ता यांची यादी होते आणि वाटप ठरतं. म्हणजे सही अडवून धरण्याची ताकद तिच्या हातात आहेच. चाळीस कॉमेंटींनी ती वाढत नाही.

उलट जाहीर लिहिण्याने ती कमी होऊ शकते. पोस्टमध्ये "चोर", "लुबाडलं" असे शब्द असतील तर भाऊ बदनामीची तक्रार घेऊन जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड आहे, आणि "पण ते खरं आहे" एवढं म्हणून सुटका होत नाही, ते सांगणं लोकांच्या हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. उद्या इन्व्हेंटरीत समेटाची बोलणी सुरू झाली की ती पोस्ट समोरच्या वकिलाच्या फाइलीत असते.

पण यातलं एक अक्षरही कॉमेंटमध्ये नको. तिथे लिहिलंत तर भावाला ती धमकी वाटेल आणि तिला धाक. हे फोनवर, आणि तेही तिचं बोलून झाल्यावर. वकिलाकडे जायचं का, हा तिचा निर्णय.

११. फेसबुक नाही, कुळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झालं तर?

तत्त्व तेच, पण ग्रुपवर तुमची ओळ आणखी आखूड असावी, "फोन करते" एवढीच, कारण तिथे सगळेच नातेवाईक आणि प्रत्येक शब्दाला बाजू. फरक मुदतीचा आहे. पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ मिळतो, त्यानंतर तिला स्वतःला तो काढता येत नाही. ॲडमिनला इतरांचे मेसेज सगळ्यांसाठी काढता येतात, पण तिला न विचारता त्याने ते केलं तर "माझं तोंड बंद केलं" अशी दुसरी तक्रार तयार होते. आधी तिचा होकार घ्यावा.

१२. पोस्टमध्ये मारहाणीचं लिहिलंय. तेव्हाही खाजगीत बोल म्हणू?

नाही. इथे वरचं सगळं बाजूला ठेवा. नवरा मारतो, सासरी डांबलंय, म्हाताऱ्या आईला जेवायला देत नाहीत, असं काही असेल तर ती पोस्ट म्हणजे मदतीची हाक आहे. कदाचित तिचं एकमेव संरक्षणही, कारण लोक बघताहेत. ती दिसेनाशी करायला सुचवू नका. फोन लगेच करा, उचलला नाही तर जवळचं माणूस घरी पाठवा. तातडीचं असेल तर ११२, बाईसाठी १८१, वृद्धांसाठी १४५६७, मुलांसाठी १०९८. कॉमेंटमध्ये "निघाले, पोचते" एवढं लिहायला हरकत नाही, समोरच्यालाही ते वाचू दे. फक्त ती कुठे लपली आहे किंवा कोणाकडे जाणार आहे, हे चुकूनही लिहू नका.

घरभांडण आणि हे, यांतला फरक कसा ओळखायचा? घरभांडणात तक्रार मागची असते: बोलावलं नाही, दिलं नाही, विचारलं नाही. इथे भीती पुढची असते. ओळखता आलं नाही तर ही हाकच आहे असं धरा. चूक निघाली तर निघू दे.

१३. तिने थंड डोक्याने, मुद्दामच जाहीर लिहिलंय. खाजगीत सगळं करून झालंय म्हणते. तेव्हा?

असंही असतं, आणि ते ओळखू येतं. दुपारी लिहिलेली पोस्ट, तारखा घातलेल्या, शिव्या नाहीत, आणि खाली येणाऱ्या प्रत्येकाला तीच शांतपणे उत्तर देते आहे. अशा माणसाला "लागलं, फोन करते" म्हणणं जरा बावळटपणाचंच दिसतं. मला एका मित्राच्या बाबतीत हे उशिरा कळलं. मी ठरलेली ओळ लिहिली, आठला फोन केला, तर तो म्हणाला, "अगो, मी चहा पितोय, बरा आहे. दोन वर्षं काका पत्रांना उत्तर देत नव्हते. आता अर्ध्या तासात फोन आला."

त्याला मी काय सांगणार होते? एवढंच विचारलं, की पोस्टमध्ये काकूंच्या आजारपणाची ओळ आहे ती लागते का. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ती काढतो. बाकीची पोस्ट अजून तिथेच आहे.